एचसीजी : आकड्यापेक्षा वाढीचा वेग महत्त्वाचा

गर्भ रुजल्यावर वार तयार करणाऱ्या पेशींतून एचसीजी हे संप्रेरक रक्तात उतरते. त्याच्या एकाच आकड्यावरून गर्भाची वाढ कळत नाही. म्हणून डॉक्टर ४८ तासांनी पुन्हा रक्ततपासणी करण्यास सांगतात. समजा, पहिली पातळी ४०० आली. गर्भ नीट वाढत असल्यास दोन दिवसांत ती साधारणतः किमान ६०० व्हावी. ती ५२० वरच अडखळली, तर गर्भपाताची किंवा गर्भ गर्भनलिकेत रुजल्याची शंका येते. मात्र, गर्भनलिकेतील गर्भातही कधीकधी ही वाढ नेहमीसारखीच दिसते. गर्भाची जागा सोनोग्राफीतूनच कळते. त्यामुळे आकडा वाढता असला, तरी ओटीपोटात तीव्र वेदना, रक्तस्राव वा भोवळ जाणवल्यास पुढील तपासणीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.