फोटोतली बारीक आकृती आणि वेगळं पद

नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० प्रश्न असतात आणि त्यातले ४० मानसिक क्षमता चाचणीचे, म्हणजे निव्वळ आकृत्यांचे. सुरुवातच ‘चार आकृत्यांपैकी वेगळी ओळखा’ या प्रकाराने होते. छापील प्रश्नपत्रिकेत हे प्रश्न सोपे वाटतात. मुलांचा सराव मात्र बऱ्याचदा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोंवर चालतो. एका फोटोत अख्खं पान, आकृती नखाएवढी, आणि आतल्या रेघा चार की पाच तेच कळत नाही. अशा वेळी प्रश्नातली गंमत कुठली आणि फोटोतला दोष कुठला, हे वेगळं करावं लागतं.

त्यासाठी आधी संख्यामालिका पाहू, कारण तिथे चूक पकडण्याची रीत स्वच्छ दिसते. ‘चुकीचं पद ओळखा’ म्हणून ही मालिका फोटोत अशी दिसते : ३, ८, ९५, २४, ३४, ४८. शेजारच्या पदांतले फरक काढले तर ५, ८७, उणे ७१, १०, १४ असे येतात. ९५ हे पद उघडच खटकतं, पण उत्तर लिहायची घाई करू नये. देवनागरी १ आणि ९ पुसट छपाईत एकमेकांसारखे दिसतात.

संशयित पद झाकून त्याच्या दोन्ही बाजूंची पदं घ्या. ८ ते २४ हे अंतर १६ आहे. मधलं पद कसंही वाचलं तरी हे १६ बदलत नाहीत. पहिला फरक ५ आहे, म्हणून १६ चे ७ आणि ९ असे भाग पाडून पाहू. मग मधलं पद १५ येतं, म्हणजे ९५ ही वाचण्यातली चूक. आता फरक झाले ५, ७, ९, १०, १४. पुढे ११ आणि १३ हवे होते. एक फरक १ ने कमी आहे आणि लगतचा तेवढ्यानेच जास्त. मधलं एकच पद चुकलं की असंच होतं. म्हणून चुकीचं पद ३४. तिथे ३५ हवं. प्रश्न काढणारा मालिकेत एकच पद चुकवतो. दोन ठिकाणी बिघाड दिसला, तर त्यातला एक बहुधा फोटोचा असतो.

हीच रीत आकृत्यांना लावायची, फक्त आधी आकृतीचे आकडे करायचे. समजा चार आकृत्या आहेत : त्रिकोणात २ आडव्या रेघा, चौकोनात ३, पंचकोनात ४ आणि षटकोनात रेघांचा नुसता काळा पट्टा. कागदावर बाजू आणि रेघा शेजारी लिहा : ३-२, ४-३, ५-४, ६-?. रेघा बाजूंपेक्षा एकने कमी, हा नियम पहिल्या तिघांना लागू पडतो. षटकोनात ५ रेघा असतील तर या नियमाने कुणीच वेगळं ठरत नाही, आणि फरक दुसरीकडे, छायांकनात किंवा दिशेत, शोधावा लागेल. इतर सगळं सारखं असेल, तर षटकोनातल्या रेघा ५ असूच शकत नाहीत, आणि तोच वेगळा. रेघा मोजता न येताही उत्तर मिळालं. मात्र हे अनुमान आहे. मूळ पान हाती आलं की रेघा मोजून घ्याव्यात.

काही गोष्टी तर्कानेही सुटत नाहीत. भरीव ठिपका आणि पोकळ वर्तुळ बारीक फोटोत एकच दिसतात. फोटो तिरका काढला की चौरस समभुज चौकोनासारखा आणि वर्तुळ लंबगोल दिसतं. हा दोष ओळखायला आकृतीभोवतीची छापील चौकट पाहावी. चौकटही तिरकी असेल तर दोष कॅमेऱ्याचा. चौकट काटकोनात असून आतला आकार तिरका असेल तर तो प्रश्नाचा भाग. फिरवलेली आकृती आणि आरशातली आकृती यांतला फरक चिन्हांच्या क्रमावरून कळतो. ठिपका, त्रिकोण, फुली असा क्रम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाचावा. आकृती कितीही फिरवली तरी हा क्रम टिकतो, आरशात तो उलटा होतो. तिन्ही चिन्हं ओळखू येत असतील तर फोटो लहान असूनही हे जमतं.

बोटांनी फोटो मोठा केला तर ठिपकेच मोठे होतात, हरवलेली रेघ परत येत नाही. म्हणून पाठवणाऱ्यांनीच थोडी काळजी घ्यावी : एका फोटोत एकच प्रश्न, फोन पानाला समांतर, उजेड खिडकीचा, आणि फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा, म्हणजे तो दाबला जात नाही.