प्लॅन उघडण्याआधी

नाटकाचा प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, हौशी संस्था बहुधा नाट्यगृहाकडून मिळेल तसाच तिकीटविक्रीला लावतात. पण कोणती खुर्ची चांगली, हे त्या नाटकाचं नेपथ्य ठरवतं.

समजा, तीन भिंतींचं दिवाणखान्याचं नेपथ्य आहे आणि प्रेक्षकांच्या उजव्या हाताच्या भिंतीत, अगदी मागे, घराचं दार आहे. पुढच्या रांगांमध्ये उजव्या टोकाला बसलेल्या माणसाला ते दार रंगमंचाच्या चौकटीआड जातं. शेवटच्या अंकात मुलगा त्याच दारातून परतणार असेल, तर त्याला फक्त आवाज ऐकू येईल. म्हणून नेपथ्य उभं राहिलं की एकानं दारात थांबावं, दुसऱ्यानं पहिल्या रांगेच्या टोकापासून एकेक खुर्चीवर बसत आत सरकावं. दारातला माणूस पूर्ण दिसेपर्यंतच्या खुर्च्यांवर काट मारावी, मग मागच्या रांगेत जावं. जसजसं मागे जावं, तसतशा काट मारायच्या खुर्च्या कमी होतात. नेपथ्य प्रयोगाच्या दिवशीच लागणार असेल, तर मापं घेऊन कागदावर रेषा ओढूनही हे कळतं.

पहिल्या रांगेची अडचण वेगळी. रंगमंच उंच असेल तर जमिनीवर बसून चाललेला प्रसंग तिथून अर्धाच दिसतो. बाल्कनीतून तो स्वच्छ दिसतो, पण माइक नसेल तर हळू बोललेलं वाक्य तिथवर पोचत नाही. माझ्या मते ही गोष्ट तिकीट देतानाच सांगावी आणि बाल्कनीचा दर कमी ठेवावा.