काकूंचा फोटो आणि टॅरोची चौकट

लंडनमध्ये १९०९ साली रायडर या प्रकाशनसंस्थेने टॅरो पत्त्यांचा एक संच काढला. आर्थर एडवर्ड वेट यांच्या कल्पनेनुसार त्यातली चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने रेखाटली. आज कुणी फोटो देऊन ‘याचं टॅरो कार्ड करून द्या’ म्हटलं, की बहुतेक चित्रकारांच्या डोळ्यांसमोर हाच संच येतो.

त्यातला ‘न्याय’ हा पत्ता नीट पाहण्यासारखा आहे. दोन खांबांच्या मधोमध लाल झग्यातली व्यक्ती समोर तोंड करून बसली आहे. खांब डावीउजवीकडे सारखे, मागचा पडदा सारखा. पण एका हातात उभी धरलेली तलवार आहे आणि दुसऱ्या हातात, थोडा खाली, तराजू. म्हणजे समतोल आहे तो आसनाचा आणि खांबांचा. हात तो मुद्दाम मोडतात, म्हणून चित्र ठोकळ्यासारखं वाटत नाही.

फोटोवरून पत्ता करताना नेमकं हेच विसरलं जातं. समतोल हवा म्हणून चेहऱ्याचा अर्धा भाग उलटवून दुसऱ्या बाजूला चिकटवतात. मग भांग मधोमध येतो, एका गालावरचा तीळ दोन्ही गालांवर उमटतो, किंचित वर उचललेली भुवई जोडीने वर जाते आणि ओळखीचा माणूस अनोळखी होतो. कुठलाच चेहरा दोन्हीकडे तंतोतंत सारखा नसतो आणि ओळख त्या फरकातच असते. तेव्हा चौकट, खांब, आसन आणि फार तर खांदे उलटवून घ्यावेत. चेहऱ्याला हात लावू नये.

समजा, आयुष्यभर शिवणकाम केलेल्या काकूंचा पत्ता करायचा आहे. फोटो डोळ्यांच्या उंचीवरून, दीड-दोन मीटर अंतरावरून घ्यावा. मोबाइल अगदी जवळ नेला तर नाक फुगतं आणि कान मागे जातात. समोरून पाहणाऱ्या चित्रात हा दोष लपत नाही. उजेड एका बाजूच्या खिडकीतून यावा, म्हणजे नाकाची आणि हनुवटीची रेघ कुठून काढायची ते कळतं.

पत्त्याचं नेहमीचं माप ७० बाय १२० मिलिमीटर. चौकट आणि नावाची पट्टी वजा जाता चित्राला साधारण ८५ मिलिमीटर उंची उरते. त्यात काकूंना पायांपर्यंत बसवलं तर चेहरा जेमतेम १२ मिलिमीटरचा होतो आणि डोळा दीड-दोन मिलिमीटरचा. एवढ्यात साम्य टिकत नाही. म्हणून आकृती कमरेपर्यंतच घ्यावी; चेहरा जवळपास दुप्पट होतो.

आता वस्तू. ‘न्याया’ची मांडणी तशीच ठेवून तलवारीच्या जागी उभी धरलेली मोठी कात्री आणि तराजूच्या जागी खाली लोंबणारी मापाची टेप देता येते. खांबांच्या जागी दोऱ्याची दोन उंच रिळं, एक काळं, एक पांढरं. त्याच संचातल्या ‘महापुजारीण’ या पत्त्यावर असाच एक काळा आणि एक पांढरा खांब आहे. वस्तू इतक्याच पुरे. मशीन, सुया, बटणं, इस्त्री असं सगळं कोंबलं की नजर चेहऱ्यावर थांबत नाही.

नक्षीदार किनार ही या संचाची देणगी नव्हे. तिथे साधी काळी रेघ आहे. काकूंसाठी करवतकाठी लुगड्याचा दातेरी काठ किनारीला शोभेल. एक कोपरा नीट काढायचा आणि तो उलटवून उरलेले तीन करायचे. बाहेरची रेघ सर्वांत जाड, कपड्यांची मध्यम, चेहऱ्याची सर्वांत बारीक. रंग पाच-सहाच आणि सपाट. सावली मऊ न करता बारीक रेघांनी दाखवली की फोटोचा भास जातो.

गडबड होते ती छपाईनंतर, कापताना. कटिंगला कागद मिलिमीटरभर सरकतो. किनारीची रेघ कडेपासून दोनच मिलिमीटरवर असेल, तर एका बाजूला तीन आणि दुसरीकडे एक उरतं, आणि सगळी मेहनत वाकडी दिसते. रेघ कडेपासून निदान पाच मिलिमीटर आत ठेवावी आणि पार्श्वभूमीचा रंग चारही बाजूंना तीन मिलिमीटर जादा सोडावा. छापखान्यात त्याला ब्लीड म्हणतात. फाइल ७६ बाय १२६ मिलिमीटरची होते.

छापण्याआधी मूळ मापाचा एक प्रिंट काढून कात्री आणि टेप बोटांनी झाकावी आणि काकूंना ओळखणाऱ्या कुणालाही दाखवावी. झाकलेल्या वस्तूंवाचून नाव सांगता आलं नाही, तर किनारीशी खेळत बसू नये. फोटो पुन्हा समोर घेऊन चेहऱ्यावर काम करावं.