मध्य कुठे धरायचा?

‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटं वाचलं तरी तेच राहतं, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण एखाद्या लांबलचक मजकुराच्या पोटात असा उलटसुलट सारखा तुकडा दडला असेल, आणि त्यातला सर्वांत लांब शोधायचा असेल, तर?

पहिल्यांदा सुचतो तो सरळसोट मार्ग असा: मजकुराचे शक्य तेवढे सगळे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक उलटा करून ताडून पाहायचा. 1000 अक्षरांचे तुकडेच 5 लाखांवर होतात. एकच अक्षर हजारदा लिहिलेलं असलं, तर तुलना आठ कोटींच्या घरात जातात. कारण उघड आहे. एका तुकड्याच्या आतला भाग आपण आधीच तपासलेला असतो, आणि मोठा तुकडा हाती आला की पुन्हा तोच तपासत बसतो.

म्हणून टोकांऐवजी मध्यापासून सुरुवात करायची. एका अक्षरावर दोन्ही बोटं ठेवा. मग एक बोट डावीकडे, एक उजवीकडे असं एकेक घर सरकवा. दोन्ही बोटांखालची अक्षरं सारखी असतील तोवर पुढे चला. वेगळी निघाली किंवा मजकूर संपला, की थांबा. ‘भा’ वर बोटं ठेवली तर ला-ला, मा-मा, रा-रा असं तीन पावलांत अख्खं वाक्य हाती येतं. थांबणं बिनधोक का? उलटसुलट सारख्या तुकड्याची दोन्ही टोकं एकेक अक्षराने छाटली, तरी उरलेला तुकडा उलटसुलट सारखाच राहतो. म्हणजे आतलं कडं तुटलेलं असेल, तर त्याच मध्याभोवती बाहेरचं अखंड असणं शक्यच नाही. मग पुढचा मध्य घ्यायचा. तेच हजारदा लिहिलेलं अक्षर इथे घेतलं तर तुलना 5 लाखांच्या आसपास भरतात. नेहमीच्या मजकुरात तर बोटं एकदोन पावलांतच अडतात. याहून वेगवान रीत ग्लेन मॅनाकर यांनी 1975 मध्ये मांडली, पण ती चटकन गळी उतरत नाही.

या युक्तीत बरेच जण एक गोष्ट विसरतात. ‘अरे मामा रे थांब’ घ्या. जागा सोडल्या तर अक्षरं 7: अ, रे, मा, मा, रे, थां, ब. प्रत्येक अक्षर मध्य धरून पाहा. पहिल्या ‘मा’च्या एका बाजूला ‘रे’, दुसऱ्या बाजूला ‘मा’, जमत नाही. दुसऱ्या ‘मा’चंही तेच. सातही अक्षरं संपली, तरी एका अक्षरापेक्षा लांब काही सापडलं नाही. आणि ‘रेमामारे’ तर डोळ्यांसमोर आहे! त्याचा मध्य कुठल्याच अक्षरावर नाही, तो दोन ‘मां’च्या फटीत आहे. सम लांबीच्या तुकड्याचं हेच वैशिष्ट्य. म्हणून दुसरी फेरी फटींची: बोटं सुरुवातीलाच शेजारशेजारच्या दोन अक्षरांवर ठेवायची. मा-मा जुळलं, रे-रे जुळलं, पुढे ‘अ’ आणि ‘थां’ जुळले नाहीत. उत्तर 4 अक्षरं. अक्षरं 7, फटी 6, म्हणून मध्य एकूण 13. मोजताना एक भान ठेवायचं. बोटं थांबतात ती न जुळलेल्या जागांवर, म्हणजे दोन्हीकडे एकेक घर जास्त पुढे गेलेली. तीही घरं धरली तर उत्तर 6 येतं, आणि ते चूक.

आता हीच रीत संगणकाला मराठी मजकुरावर चालवायला सांगितली, की गंमत होते. त्याच्या लेखी ‘रा’ हे एक अक्षर नाही. ‘र’ वेगळा आणि त्याचा काना वेगळा. त्यामुळे ‘रामालाभालामारा’ मध्ये त्याला चिन्हं दिसतात 14, आणि तो उत्तर देतो 13 चिन्हांचं: ‘रामालाभालामार’. शेवटचा काना एकटाच बाहेर राहतो, कारण त्याच्यासमोर ‘र’च्या आधी काही नाही. ‘टेप आणा आपटे’चे तर हालच होतात. आपल्या वाचनात ते सात अक्षरांचं निर्दोष वाक्य. संगणकाला मात्र त्यात एका चिन्हाहून लांब काहीच सापडत नाही. मधल्या ‘णा’ची ‘ण’ आणि काना अशी दोन चिन्हं झाली, ती एकमेकांसारखी नाहीत, म्हणजे मध्यच फुटला. एवढं छोटं उत्तर आलं, की बोटं सरकवण्याची रीत नाही, अक्षरांची फोड तपासायची.

उपाय असा की आधी मजकुराची अक्षरं पाडायची, मात्रा आणि अनुस्वार आपापल्या व्यंजनाला चिकटवून, आणि मगच बोटं ठेवायची. तरीही ‘चिमा काय कामाची’ उरतेच. ‘य’पासून निघालं की का-का, मा-मा जुळतात आणि टोकाला ऱ्हस्व ‘चि’समोर दीर्घ ‘ची’ येते. दोन्ही एकच मानायचे असं आधी सांगितलं तर उत्तर 7, नाहीतर 5.