‘वैयक्तिक कारणास्तव’

राजीनाम्याच्या पत्रात सगळ्यात जास्त वेळा लिहिले जाणारे दोन शब्द कोणते, तर ‘वैयक्तिक कारणास्तव’. लग्न ठरलं, बाळ झालं, दुसरीकडे पगार जास्त मिळाला, साहेबांशी पटलं नाही, सगळं त्यात बसतं. ऑफिसात छळ झाला, तक्रार करूनही कुणी दाद दिली नाही आणि शेवटी बाई कंटाळून निघाली, तरी पत्रात पुष्कळदा हेच दोन शब्द असतात. एचआरमधली मुलगीच हळू आवाजात सुचवते, “कारण असंच लिही गं, रिलीव्हिंग लेटरला त्रास नको.” तिचा हेतू वाईट असतो असं नाही. पण सहा महिन्यांनी समितीपुढे किंवा पोलिसांपुढे हेच पत्र समोरच्या पक्षाच्या फायलीतून बाहेर येतं, आणि मग विचारलं जातं : त्रास होता, तर लिहिलं का नाही?

कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसताना अशी पत्रं मी वाचली आहेत. प्रत्यक्ष प्रकरणं बाहेर बोलायची कायद्याने मुभा नाही, म्हणून खालचं उदाहरण रचलेलं आहे. त्यातल्या चुका मात्र नेहमीच्याच.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे असं धरू. तिथे गुणवत्ता विभागात एक इंजिनिअर मुलगी काम करते. विभागप्रमुखाचे रात्रीचे मेसेज दिवाळीच्या सुमारास सुरू झाले. १२ जानेवारीला पुरवठादाराकडे नाशिकला गेले असताना परतीच्या गाडीत त्याने अंगाला हात लावला. १४ जानेवारीला तिने एचआरला ईमेल केला. उत्तर आलं, “बघतो, तोवर जरा सांभाळून घे.” २० फेब्रुवारीला तिने आठवण करून दिली, तिला उत्तरच आलं नाही. ९ मार्चला ती राजीनामा लिहायला बसली. नोटीस तीस दिवसांची, म्हणजे शेवटचा दिवस ८ एप्रिल.

तिच्या मनात हिशेब असा होता : आधी सुटू, नवी नोकरी लागू दे, मग शांतपणे तक्रार करू. कंपनी सोडल्यावर तक्रार करता येते, हे तिचं बरोबर होतं. २०१३ च्या कायद्यात ‘पीडित महिला’ ही नोकरीत असलीच पाहिजे अशी अट नाही. चूक झाली ती मुदतीत. अंतर्गत समितीकडे, म्हणजे आपण अजूनही जिला ‘विशाखा समिती’ म्हणतो तिच्याकडे, लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते. घटना एकापेक्षा जास्त असतील तर शेवटच्या घटनेपासून. राजीनाम्याच्या किंवा शेवटच्या दिवसापासून नव्हे. त्यामुळे तिची मुदत १२ एप्रिलला संपते, म्हणजे कंपनी सोडल्यावर जेमतेम चार दिवसांनी. तिची नोटीस दोन महिन्यांची असती, तर मुदत नोटीसमध्येच सरली असती आणि निरोपाचा केक कापेपर्यंत तिच्या लक्षातही आलं नसतं.

तीन महिन्यांत तक्रार देणं परिस्थितीमुळे खरंच शक्य नव्हतं असं समितीला पटलं, तर कारण लेखी नोंदवून ती आणखी तीन महिने देऊ शकते. त्यापलीकडे नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठाच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची होती, तक्रार डिसेंबरात आली. मधल्या काळात तक्रारदार प्राध्यापिकेला एका पदावरून काढलं गेलं होतं. तो प्रशासकीय निर्णय न्यायालयाने छळाचा पुढचा भाग मानला नाही आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. (त्याच निकालात हा निकाल कुलगुरूंच्या बायोडेटामध्ये नमूद व्हावा असंही सांगितलं आहे, हा भाग विशेष.) चाकणच्या मुलीसाठी याचा अर्थ असा, की एचआरने तिला दोन महिने झुलवलं, या झुलवण्यावर विसंबून तिने १२ एप्रिल पुढे सरकेल असं धरू नये.

आता पत्र. राजीनामा हे तक्रारपत्र नव्हे. हे दोन कागद वेगळे ठेवले की निम्मं काम होतं. राजीनामा एचआरकडून अकाउंट्सकडे, आयटीकडे, ऍडमिनकडे, कुणाच्याही टेबलावर जातो. समितीला दिलेली तक्रार गोपनीय असते, ती फोडली तर दंड आहे. म्हणून गाडीत काय झालं, मेसेजमध्ये काय लिहिलं होतं, त्याचं नाव काय, हे राजीनाम्यात येऊ नये. आणखी एक गोष्ट : घाईत लिहिलेला तपशील पुढे सविस्तर तक्रारीशी एका शब्दाने जरी जुळला नाही, तरी उलटतपासणीत तेवढाच शब्द धरून बसतात. तिने लिहावं ते साधारण असं :

“मी गुणवत्ता विभागातील माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नोटीसच्या अटीनुसार माझा शेवटचा दिवस ८ एप्रिल असेल.

विभागप्रमुखांकडून झालेल्या लैंगिक छळाबद्दल मी १४ जानेवारी व २० फेब्रुवारी रोजी एचआरला ईमेलने लेखी कळवले होते. त्यावर चौकशी सुरू झाल्याचे मला आजपर्यंत कळवण्यात आलेले नाही. त्यांच्या हाताखाली काम करत राहणे मला शक्य नाही, म्हणून मी ही नोकरी सोडत आहे.

राजीनामा देऊन मी माझी तक्रार मागे घेत नाही. अंतर्गत समितीकडे, पोलिसांकडे व अन्य सक्षम यंत्रणेकडे दाद मागण्याचे माझे सर्व हक्क मी राखून ठेवत आहे. या विषयाशी संबंधित ईमेल, प्रवासाच्या नोंदी व मेसेज कंपनीने जपून ठेवावेत.”

बस, एवढंच. यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ‘हक्क राखून ठेवत आहे’ हे नाही, जरी सगळे वकील पहिल्यांदा तेच घालतात. हक्क कायद्याने दिलेला असतो, वाक्य नसलं तरी तो जात नाही, आणि वाक्य असलं म्हणून मुदत थांबत नाही. खरं काम करतात त्या दोन तारखा. आपण काय केलं आणि काय झालं नाही, हे त्यातून कोरडेपणाने कागदावर येतं. ‘कंपनीने माझ्यावर अन्याय केला’ हे मत झालं, ‘२० फेब्रुवारीच्या ईमेलला उत्तर नाही’ हे वाद न घालता येणारं. ‘चौकशी झालीच नाही’ असंही तिने लिहू नये, कारण आतून काही झालं असेल तर तिला माहीत नाही. ‘मला कळवण्यात आलेलं नाही’ हे मात्र तिचं स्वतःचं ज्ञान आहे.

पत्र कंपनीच्या ईमेलवरून पाठवताना स्वतःच्या खाजगी पत्त्यावरही एक प्रत जावी, कारण शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीचं मेलखातं बंद होतं आणि मग जानेवारीचा ईमेल शोधायला जागा उरत नाही. तिचे एचआरशी झालेले ईमेल, मेसेजचे स्क्रीनशॉट, नाशिकच्या प्रवासाचा खर्चाचा फॉर्म, एवढं जवळ असावं. ग्राहकाच्या ड्रॉइंगची किंवा दरपत्रकांची फाइल मात्र सोबत नेऊ नये, नाहीतर उद्या तिच्याविरुद्धच वेगळं प्रकरण उभं राहतं. मूळ मेसेज असलेला फोन विकायचा नाही, बदलायचा नाही.

पत्र चांगलं लिहून मग तीन साध्या कागदांवर घसरगुंडी होते. पहिला एक्झिट फॉर्म. त्यात ‘नोकरी सोडण्याचं कारण’ समोर चौकोन असतात आणि बहुतेक जण ‘चांगली संधी’ वर खूण करतात. तिने ‘इतर’ वर खूण करून ‘९ मार्चच्या पत्रात दिल्याप्रमाणे’ लिहावं. दुसरा, सगळ्यांना पाठवलेला निरोपाचा ईमेल : ‘इथे खूप शिकायला मिळालं, सरांचे विशेष आभार.’ हा ईमेल प्रतिवादीच्या फायलीत पहिल्या पानावर लागतो. आभार सहकाऱ्यांचे मानावेत, नाव घेऊन, आणि तेवढेच. तिसरा, हिशेबाचा शेवटचा कागद, ज्यात बारीक अक्षरांत असतं ‘कंपनीविरुद्ध माझा कोणताही दावा उरलेला नाही’. असं लिहून दिलं म्हणून छळाच्या तक्रारीचा हक्क संपतो असं नाही, पण समितीपुढे पहिल्या दोन तारखा त्याच वादात जातात. सहीवर पेनने लिहायचं, ‘फक्त पगार व देण्यांच्या हिशेबापुरते मान्य; ९ मार्चच्या पत्रातील विषय वगळून’, आणि फोटो काढून ठेवायचा. कुणी पैसे देऊन तक्रार मिटवू म्हणालं, तर समितीच्या सलोख्यात पैशाची देवघेव आधार धरताच येत नाही, हे लक्षात असू द्यावं.

खरं म्हणजे माझं मत विचाराल, तर तक्रार राजीनाम्याआधी द्यावी, निदान त्याच दिवशी. नोकरीत असताना समितीला तात्पुरती मदत सुचवता येते : तिची किंवा त्याची बदली, किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा, आणि ही रजा तिच्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही. नोकरी गेली की यातलं काही उरत नाही, उरते फक्त चौकशी, त्याच्यावरची कारवाई आणि भरपाई. ९ मार्चला तक्रारही दिली असती, तर नोटीसचे तीस दिवस तिला त्याच विभागात बसावं लागलं नसतं.

पोलिसांचा रस्ता वेगळा आहे आणि त्याची मुदतही वेगळी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये नको असलेल्या स्पर्शाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून न्यायालयाने दखल घेण्याची मुदत तीन वर्षं. नुसत्या अश्लील शेऱ्यांसाठी शिक्षा एक वर्षापर्यंत, मुदतही एक वर्ष. समितीची मुदत गेली म्हणून हा रस्ता बंद होत नाही. कंपनीत दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा आरोप मालकावरच असेल, तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, मुदत तीच. पुरुष कर्मचाऱ्याला, किंवा लैंगिक नसलेल्या छळाला, हा कायदा लागू नाही. तिथे कंपनीचे नियम आणि कामगार कायदा पाहावा लागतो. राजीनामा जबरदस्तीने घेतला हे सिद्ध करायची वेळ आली, तर ‘वैयक्तिक कारणास्तव’ तिथेही आड येतं.

चाकणच्या मुलीचा राजीनामा ९ मार्चच्या दुपारी गेला. संध्याकाळी एचआरमधून फोन आला, “पत्र जरा साधं करून पाठवशील का?” ती म्हणाली, “नाही, हेच ठेवा.” समितीसाठीची तक्रार तिने एप्रिलवर ढकलली नाही. नियमाप्रमाणे सहा प्रती, सोबत ईमेलचे प्रिंट आणि गाडीचालकाचं नाव साक्षीदार म्हणून, असा गठ्ठा १६ मार्चला समितीच्या अध्यक्षांच्या हाती दिला आणि एका प्रतीवर तारखेसकट सही घेतली.