कॉफीत वेलची, दालचिनी की सुंठ?

मसाला कॉफी बिघडते ती बहुतेक वेळा तिन्ही मसाले एकदम टाकल्यामुळे. चहाची पत्ती मसाल्याला सामावून घेते, पण कॉफीला स्वतःचा कडवटपणा असतो. म्हणून एका कपात एकच मसाला पुढे असू द्या.

माझी पहिली पसंती वेलचीला. एका कपाला अर्धी वेलची, तीही आयत्या वेळी कुटलेली. तिचा सुगंध उडून जाणारा आहे. दुधात पाच मिनिटं उकळलीत तर वास घरभर पसरतो आणि कपात फारसा उरत नाही. फिल्टर वापरत असाल तर कुटलेले दाणे कॉफी पावडरीत मिसळा आणि वरून गरम पाणी ओता. नाहीतर गॅस बंद केल्यावर दुधात टाकून दोन मिनिटं झाकून ठेवा.

दालचिनीचं उलट. बोटाच्या पेराएवढा तुकडा दूध तापवतानाच टाकावा. तिची पूड मात्र नको, ती गरम पाण्यात बुळबुळीत होते आणि फिल्टर तुंबतो.

सुंठ फसवी. पहिल्या घोटाला काहीच जाणवत नाही, म्हणून आपण आणखी टाकतो आणि तिसऱ्या घोटाला घसा जळतो. एका कपाला चिमूटभरच घाला, दोन-तीन घोट घेऊन मगच ठरवा. जास्त झालीच तर साखरेपेक्षा दूध वाढवा, तिखटपणा त्यानेच उतरतो.

तुमच्या घरी कॉफीत काय घालतात? प्रमाणासकट सांगा.