तीन महिन्यांची माघार

1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, म्हणजे फेडरल रिझर्व्हच्या, वॉशिंग्टनमधल्या पत्त्यावर टपालाने लाकडाचे तुकडे येऊ लागले. तिकडे घराच्या भिंतींचा सांगाडा ज्या ‘दोन बाय चार’ वाशांचा उभा करतात, त्याचेच हे तुकडे होते आणि त्यांवर व्याजदर खाली आणा, असं हाताने लिहिलेलं असे. पाठवणारे लोक घरं बांधून विकणारे छोटे व्यावसायिक होते. घर घ्यायला गिऱ्हाईकच येत नव्हतं, त्यामुळे लाकूड त्यांच्या अंगणात पडून होतं.

गिऱ्हाईक का येत नव्हतं, हे एका साध्या हिशोबावरून कळतं. तीस वर्षांच्या मुदतीचं 50 हजार डॉलरचं कर्ज 9 टक्क्यांनी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण 402 डॉलर पडतो. 1981च्या ऑक्टोबरात गृहकर्जाचा दर साडेअठरा टक्क्यांच्या आसपास होता आणि त्या दराने तोच हप्ता 774 डॉलर होतो. घर तेच आणि पगारही जवळपास तोच, पण हप्ता दुपटीला टेकलेला. 1978मध्ये अमेरिकेत सुमारे 20 लाख नव्या घरांची कामं सुरू झाली होती. 1982मध्ये हा आकडा जेमतेम साडेदहा लाखांवर आला. गवंडी, सुतार, लाकूड कापणारे, फर्निचरवाले अशी सगळी साखळीच घरी बसली.

हे ठरवून केलेलं होतं. महागाई मोडायची होती आणि त्यासाठी देशातली खरेदी आवळायची होती. प्रश्न इतकाच, की ती एका झटक्यात आवळायची की दरवर्षी थोडी थोडी. या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर आणि 1979 ते 1984 या काळात प्रत्यक्ष घडलं ते, यांत मोठं अंतर आहे. त्या अंतराला कारणीभूत ठरली 1980च्या उन्हाळ्यातली तीन महिन्यांची माघार.

आधी पुस्तकी उत्तर पाहू. महागाई हट्टी का असते? कारण पगार एका दिवशी ठरतो आणि पुढे बराच काळ चालतो. अमेरिकेतल्या मोठ्या कामगार संघटना त्या काळी तीन-तीन वर्षांचे करार करत. महागाई 10 टक्के चालली आहे, म्हणून एखाद्या संघटनेने दरसाल 10 टक्के वाढ पदरात पाडून घेतली, असं समजा. सही झाल्यावर सहा महिन्यांत महागाई अचानक 4 टक्क्यांवर आली, तर कारखानदाराचा माल फक्त 4 टक्क्यांनी महाग विकला जाणार, मजुरी मात्र 10 टक्क्यांनी वाढत राहणार. करार मोडता येत नाही म्हणून तो माणसं कमी करतो. बेरोजगारी येते ती इथून. कामगार हावरा होता असं नाही, आणि कारखानदार दुष्ट होता असंही नाही. दोघांनी सही करताना उद्याची महागाई जितकी धरली होती, तितकी ती निघाली नाही, एवढंच.

मग क्रमाक्रमाने उतरणं शहाणपणाचं दिसतं. दरवर्षी साधारण एक तृतीयांश करार संपतात. पुढची तीन-चार वर्षं महागाई 10वरून 8, 6, 4 अशी उतरवणार, असं बँकेने आधीच सांगितलं आणि ते सगळ्यांना पटलं, तर ज्याचा करार संपेल तो त्या उतरत्या आकड्यांवर सही करील. जुन्या करारांची फसगत होणार नाही आणि बेरोजगारी फारशी वाढणार नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉन टेलर यांनी एकमेकांवर चढत जाणाऱ्या अशा करारांचं गणित त्याच सुमारास मांडलं होतं.

पण सगळी मदार ‘पटलं, तर’ या दोन शब्दांवर आहे. आज 10 टक्के महागाई सोसणाऱ्या संघटनेच्या पुढाऱ्याने तिसऱ्या वर्षीच्या 4 टक्क्यांवर विश्वास ठेवून सही का करावी? मधे निवडणूक येते, बेरोजगारी थोडी वाढली की ओरड होते आणि आधीच्या पंधरा वर्षांत बँकेने प्रत्येक वेळी अशाच ओरडीला मान तुकवलेली असते. तो 10 टक्केच मागणार आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. संथ मार्ग विश्वास असेल तर स्वस्त पडतो, पण त्या मार्गावर विश्वास बसणंच अवघड असतं, कारण मागे फिरायला जागोजागी संधी असते. झटक्याचं नेमकं उलटं आहे. तो दिसतो आणि बोचतो, म्हणून पटतो. पण आधीच झालेल्या सह्या तो बदलू शकत नाही.

आपल्याकडच्या संथ मार्गाचं एक उदाहरण अनेकांना आठवत असेल. 2014च्या जानेवारीत ऊर्जित पटेल समितीने किरकोळ महागाई जानेवारी 2015पर्यंत 8 आणि जानेवारी 2016पर्यंत 6 टक्क्यांवर आणावी, असा टप्पा आखला आणि दोन्ही टप्पे गाठले गेले. त्यात खनिज तेलाचे भाव निम्म्याहून खाली आल्याचा वाटा मोठा होता. रोजगाराची नियमित वार्षिक पाहणी आपल्याकडे 2017मध्ये सुरू झाली. त्यामुळे त्या उताराची रोजगारातली किंमत मोजायला हाताशी आकडेच नाहीत. अमेरिकेत ते दर महिन्याचे आहेत, म्हणून तिकडचीच गोष्ट पुढे नेतो.

पॉल व्होल्कर 1979च्या ऑगस्टमध्ये फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष झाले. 6 ऑक्टोबरच्या शनिवारी संध्याकाळी त्यांनी पत्रकारांना बोलावून पद्धतच बदलल्याचं जाहीर केलं. तोवर बँक अल्पमुदतीचा व्याजदर पाव-अर्धा टक्क्याने हलवत असे आणि प्रत्येक वेळी महागाईच्या मागे पडे. आता व्यापारी बँकांना मिळणाऱ्या राखीव पैशाचं प्रमाण बांधून घेतलं जाणार होतं आणि व्याजदर त्यापायी जिथे जाईल तिथे जाऊ दिला जाणार होता. 1980च्या एप्रिलमध्ये तो सरासरी साडेसतरा टक्क्यांवर गेला.

त्याच मार्चमध्ये कार्टर सरकारने कर्जवाटपावर थेट बंधनं आणली होती. लोकांनी क्रेडिट कार्डं वापरणंच थांबवलं, उत्पादन कोसळलं आणि पैशाची मागणी आटली. बँकेने व्याजदर घसरू दिला. जुलैमध्ये तो 9 टक्क्यांवर होता, तेव्हा वर्षभराची महागाई 13 टक्क्यांच्या घरात होती. म्हणजे कर्ज घेणाऱ्याला महागाईच पैसे मिळवून देत होती. काही महिन्यांपूर्वी जिने कंबर कसली होती, तीच बँक पहिल्या मंदीत सैल पडली, असा अर्थ रोखेबाजाराने आणि संघटनांनीही घेतला. व्होल्कर यांचा तसा इरादा नसेलही. करारावर सही करणारा मात्र समोर दिसणाऱ्या दराकडे बघतो.

वर्षअखेर दर पुन्हा 19 टक्क्यांजवळ नेला गेला, पण आता तो शब्द दुसऱ्यांदा दिला जात होता. जुलै 1981पासून नोव्हेंबर 1982पर्यंत दुसरी मंदी चालली आणि बेरोजगारी 10.8 टक्क्यांवर पोचली. या वेळी बँक हलली नाही. 1982च्या सुरुवातीला मोटार कामगारांच्या संघटनेने फोर्ड आणि जनरल मोटर्सबरोबरचे करार मुदत संपण्याआधीच उघडले, ठरलेल्या वाढी सोडल्या आणि महागाई भत्त्याचे हप्ते पुढे ढकलले. माझ्या मते महागाईचा कणा मोडल्याचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा होता. पण तो विश्वासातून आला नव्हता. दाराबाहेर कामावरून काढलेले लाखो सहकारी उभे होते, म्हणून तो आला.

आता बिल मांडू. सरासरी महागाई 1980मध्ये 13.5 टक्के होती, 1984मध्ये ती 4.3 टक्के झाली, म्हणजे 9.2 अंशांचा उतार. बेरोजगारीची ‘नेहमीची’ पातळी 6 टक्के धरली, तर 1981 ते 1984 या चार वर्षांत ती अनुक्रमे 1.6, 3.7, 3.6 आणि 1.5 अंशांनी जास्त होती. बेरीज 10.4. म्हणजे महागाईचा एक अंश उतरवायला वर्षभर एका टक्क्याहून थोडी जास्त जादा बेरोजगारी लागली. हा आकडा ताणला जातो. ‘नेहमीची’ पातळी साडेसहा धरा, तो कमी होतो. शिवाय त्या वेळच्या अमेरिकी महागाई निर्देशांकात गृहकर्जाचं व्याजही मोजलं जाई, त्यामुळे 1980चा आकडा थोडा फुगलेला आहे आणि उतार आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. उताराचं दुसरं माप घेतलं, तर एका अंशामागची किंमत दीडच्या जवळ जाते.

तरीही हे बिल आधीच्या भाकितांपेक्षा पुष्कळ कमी होतं. 1978मध्ये आर्थर ओकन यांनी निरनिराळे अंदाज एकत्र करून सांगितलं होतं, की एक अंश महागाई उतरवायला वर्षाच्या उत्पादनाच्या साधारण 10 टक्क्यांवर पाणी सोडावं लागेल. त्या हिशोबाने 9 अंशांना जवळजवळ एक वर्षाचं सगळं उत्पादन लागलं असतं. प्रत्यक्षात, बेरोजगारीच्या एका अंशामागे उत्पादनाचे दोन टक्के गेले असं धरलं, तर नुकसान 21 टक्क्यांच्या आसपास येतं. लॉरेन्स बॉल यांनी 1994मध्ये अनेक औद्योगिक देशांचे असे उतार तपासले, तेव्हा जलद उतार संथ उतारांपेक्षा सरासरीने स्वस्त पडल्याचं दिसलं. करार जिथे छोटे, तिथे किंमतही कमी.

दुसऱ्या टोकाचे लोक म्हणत होते, शब्द खरा असेल तर किंमत लागतच नाही. थॉमस सार्जंट यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि पोलंडमधल्या अतिमहागाईचा अभ्यास केला होता. तिथे नोटा छापून तूट भरणं कायद्यानेच बंद झालं आणि महागाई जवळपास रातोरात थांबली. पण त्या देशांत दीर्घ मुदतीचे करार उरलेच नव्हते, भाव रोज ठरत होते. डेट्रॉईटमध्ये तीन वर्षांचे करार होते. शिवाय व्होल्कर पैसा आवळत असताना रेगन सरकारची तूट फुगत होती आणि ती बघणाऱ्याला आज ना उद्या बँकच नमेल असं वाटणं साहजिक होतं. पुढच्या संशोधनात आणखी एक अवघड गोष्ट निघाली. जर्मनीच्या बुंडेसबँकेसारख्या, सर्वांत विश्वासू मानल्या गेलेल्या बँकेलाही महागाई उतरवणं स्वस्त पडलं नव्हतं. याचं एक स्पष्टीकरण असं, की भाव स्थिर राहणार या भरवशावर तिथे लोक लांब मुदतीचे करार करतात आणि उतरायची वेळ आली की तेच करार आड येतात.

विश्वास मोजायचं साधन म्हणजे सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्याचं व्याज, कारण दहा वर्षांची महागाई धरूनच माणूस त्यात पैसे अडकवतो. 1984च्या मध्याला महागाई 4 टक्क्यांवर येऊन वर्ष उलटून गेलं होतं, तरी हे व्याज 13 टक्क्यांच्या वर होतं. बाजाराला 1980चा उन्हाळा अजून आठवत होता. बेरोजगारी पुन्हा 6 टक्क्यांजवळ यायला 1987 उजाडलं.

त्या बेरजेतले 10.4 अंश सगळ्यांनी सारखे वाटून घेतले नव्हते. लुई जेकबसन, रॉबर्ट लालॉन्ड आणि डॅनियल सलिव्हन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या, 1980च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात काम गेलेल्या जुन्या कामगारांच्या कमाईचा माग काढला. काम सुटून पाच-सहा वर्षं झाल्यावरही, आणि बहुतेकांना पुन्हा काम मिळालेलं असूनही, त्यांची कमाई आधीच्या नोकरीत राहते त्यापेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी होती.